ओ-रिंग चेन: ऑइल मारावं की वॅक्स? आणि धुवायची कशाने?

घाटवळण
मंडळी नमस्कार. चिपळूणला असतो, रोज लोट्याला एमआयडीसीत जातो, म्हणजे परशुराम घाट चढायचा-उतरायचा आणि वर लाल धूळ नाहीतर चिखल, दोन्हीपैकी एक ठरलेलं. आधी स्प्लेंडर होती, तिची चेन कव्हरच्या आत, त्यामुळे आत काय चाललंय ते कधी बघायची वेळच आली नाही. आता २०० सीसीची गाडी आहे, चेन उघडी, तिच्यावर ५२० छापलंय आणि ओ-रिंगवाली आहे. १४ हजार किमी झालेत.
इकडचा मेकॅनिक दर सर्व्हिसिंगला पेट्रोल ओतून तारेच्या ब्रशने घासतो, चेन चकाचक दिसते, मग वरून स्प्रे. हल्ली पिकअप सोडला की खालून कट कट आवाज येतो आणि झोल काढला तरी दोन दिवसात परत ढिली.
एक मित्र म्हणतो स्प्रे बंद कर, ९० नंबरचं गिअर ऑइल लाव. दुसरा म्हणतो ऑइलला घाटातली सगळी माती चिकटते, पांढरं वॅक्सच मार. खरं काय? आणि ओ-रिंगला वेगळं काही करायचं असतं का?

बुलेटराजे
भावा ओ-रिंग चेनला काहीच लावायचं नसतं. कंपनीने आत ग्रीस भरून सील केलेलं असतं, आयुष्यभराचं. फडक्याने पुसायची आणि चालवायची. ऑइल की वॅक्स हा वाद साध्या चेनवाल्यांचा. आमच्या जुन्या बुलेटची चेन दरवर्षी काढून पत्र्याच्या डब्यात ग्रीस आणि ग्राफाइट घालून स्टोव्हवर उकळायचो, ते खरं काम. आताच्या पोरांना स्प्रे मारला की मेंटेनन्स झाला.

लोखंडी_काका
बुलेटराजे, अर्धं बरोबर बोललात. आत ग्रीस आहे हे खरं, पण ते फक्त पिन आणि बुश यांच्या मधे. बुशच्या बाहेरून जो रोलर फिरतो त्याला कसलंही सील नाही, तो कोरडाच राहतो, आणि स्प्रॉकेटचा दात नेमका त्या रोलरवर बसतो. शिवाय पट्ट्या लोखंडाच्या, कोकणात दोन पाऊस पडले की तांबूस होतात. आणि ती रिंग रबराची, सारखी दोन पट्ट्यांच्या मधे घासत असते, पूर्ण कोरडी ठेवली तर कडक होऊन तिला चिरा पडतात. त्यामुळे वरून लावायचंच, फक्त कशासाठी लावतोय ते लक्षात ठेवायचं.

घाटवळण, तुझ्या प्रश्नाचा क्रम मी उलटा करतो. साध्या चेनमधे ऑइल की वॅक्स यावर चेनचं आयुष्य ठरतं, कारण चेन लांबते ती पिन आणि बुश झिजल्यामुळे, आणि तिथपर्यंत वंगण पोचवायचं काम तुझं असतं. ओ-रिंगमधे ते काम कारखान्यात झालेलं आहे आणि परत करता येत नाही. म्हणून इथे लावतोस काय यापेक्षा धुतोस कशाने हे जास्त महत्त्वाचं. आणि तुझा मेकॅनिक पेट्रोल आणि तारेचा ब्रश वापरतोय, म्हणजे दोन्ही गोष्टी उलट्या. हवं रॉकेल आणि मऊ नायलॉनचा ब्रश.
पेट्रोल फार पातळ. ते रिंगच्या कडेने आत शिरतं आणि आतलं ग्रीस पातळ करून बाहेर आणतं. रबर आधी फुगतं, मग पेट्रोल उडून गेलं की आखडतं आणि कडक होतं. तारेच्या ब्रशने रिंगची बाहेरची कड फाटते. एकदा रिंग गेली की ती कडी साधी चेन झाली, तीसुद्धा आत ग्रीस नसलेली, आणि वर आपण समजतोय की सील आहे.

आधी मला एवढं बघून सांग. गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घे, इंजिन बंद, न्यूट्रल, मागचं चाक हाताने हळू फिरव. (इंजिन चालू ठेवून गिअरमधे चाक फिरवत चेन पुसायची नाही, फडकं ओढलं जातं आणि बोटं जातात, मी डोळ्यांनी पाहिलंय.) मागच्या स्प्रॉकेटवरून खाली उतरताना एखादी कडी वाकलेलीच राहते का, सरळ होत नाही का ते बघ. कुठल्या कडीपाशी पिनच्या बाजूला तांबडी पूड दिसते का बघ. आणि टॉर्च लावून प्रत्येक कडीच्या पट्ट्यांमधे काळी रिंग आहे का ते मोज.

सायकलवेडी
माझा अनुभव सांगते. मी दीड वर्षापासून पूर्ण वॅक्सवर आहे आणि परत ऑइलकडे जाणार नाही. नवीन चेन आणली की आधी तिचं कंपनीचं ग्रीस दोन-तीन वेळा सॉल्व्हंटमधे धुऊन पूर्ण काढायचं, मग जुन्या राइस कुकरमधे पॅराफिन वितळवून चेन त्यात बुडवायची, हलवायची, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून टांगायची. हाताला काळं लागत नाही, पँट खराब होत नाही, आवाज नाही. नाशिक ते त्र्यंबक धुळीत जाऊन आले तरी चेन चांदीसारखी. तूही करून बघ, एकदा मेहनत आहे पण मग निवांत.

घाटवळण
ताई तुमची कुठली गाडी?

सायकलवेडी
गाडी नाही, सायकल. रोड बाईक. अरे तू मोटरसायकलबद्दल विचारतोयस का 😅 मी शीर्षकात फक्त "चेन, ऑइल, वॅक्स" वाचलं.

लोखंडी_काका
सायकलवेडी, सायकलला तुम्ही करताय ते अगदी बरोबर आहे, म्हणूनच इथे सांगायला हवं, नाहीतर कोणीतरी वाचून घरी करून बघेल. सायकलच्या चेनला सील नसतं, वितळलेलं मेण पिनपर्यंत आत जातं आणि थंड झालं की तिथेच घट्ट बसतं. ओ-रिंग चेन मेणात बुडवली तर मेण आत जाणारच नाही, वाटेत रिंग आहे. उलट आतलं ग्रीस तापून पातळ होणार. आणि त्याच्या आधी तुम्ही जे सॉल्व्हंटमधे भिजवता ना, त्यानेच रिंगा कामातून जातील. बुलेटराजेंचा स्टोव्हवरचा डबासुद्धा साध्या चेनलाच.
नवीन ओ-रिंग चेनला बाहेरून जो चिकट थर असतो तोही धुवायचा नाही. गंज लागू नये म्हणून दिलेला असतो तो. जास्तीचा फडक्याने पुसा आणि चालवा, माती चिकटायला लागली की पहिली सफाई.

मोटरसायकलला जे वॅक्स म्हणतात तो स्प्रे असतो. मेण पातळ द्रावणात विरघळवलेलं, फवारलं की द्रावण उडतं आणि चेनवर पांढुरका थर राहतो. त्यामुळे वाळायला वेळ द्यावा लागतो. मारून लगेच निघालात तर तो थर चेनवर न राहता रिमवर बसतो आणि मग लोक म्हणतात वॅक्स टिकत नाही.

ठाणे_डिलिव्हरी
माझी साधी १०० सीसी, दिवसभर ठाणे-भिवंडी. गॅरेजवाला सर्व्हिसिंगला निघालेलं जळकं ऑइल लावतो चेनला, फुकट. त्यात काय वाईट? वर्षभर चाललीय की. मला ओ-रिंग घ्यायची नाही, महाग येते.

लोखंडी_काका
जळकं ऑइल म्हणजे इंजिनातली काजळी, धातूची बारीक पूड आणि आम्ल. झीज कमी करायला लावता आणि त्यातच झिजवणारी पूड. नवीन ९० नंबरच्या ऑइलची लिटरची बाटली घेतली तर चेनपुरती किती महिने पुरेल बघा, एका वेळी चहाचे दोन-तीन चमचेसुद्धा लागत नाहीत.
आणि तुमच्या चेनला ऑइलच हवं, वॅक्स नको. साध्या चेनमधे वंगण पट्ट्यांच्या फटीतून पिनपर्यंत झिरपायला पाहिजे. ऑइल झिरपतं. स्प्रेतलं वॅक्स द्रावण ओलं असेपर्यंत थोडं आत जातं, पण वाळलं की जिथे आहे तिथेच. आतलं संपलं की बाहेरचं आत सरकत नाही, ऑइल सरकतं. कव्हरच्या आत चेन असल्याने धूळही कमी लागते, म्हणजे ऑइलचा जो तोटा आहे तोही तुम्हाला कमीच.

रस्त्यात_रश्मी
मी पुण्याहून. माझी ओ-रिंगवाली, सह्याद्रीतले सगळे घाट आणि एकदा स्पिती. मी जानेवारी ते मे वॅक्स आणि जून ते सप्टेंबर गिअर ऑइल, असं करते. कोरड्यात ऑइल लावलं की दोनशे किमीत चेनवर काळा लगदा होतो, मातीत ऑइल मिसळलं की ते सरळ रोलरला आणि स्प्रॉकेटला घासतं. वॅक्सला धूळ तेवढी चिकटत नाही. पण पावसात वॅक्सचा अनुभव वाईट. वरून पांढरं दिसतं म्हणून निवांत राहिले आणि खाली गंज. थर कुठे कुठे उडालेला असतो, पाणी तिथून आत जातं आणि खाली अडकून बसतं. ऑइल निदान पसरत राहतं, उघडं पडलेलं परत झाकलं जातं.
अजून एक, वॅक्सवाल्यांनी पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर वर्षातून एकदा तरी उघडावं. माझ्या गाडीत आत मेण आणि मातीचा इतका मोठा गोळा निघाला की मेकॅनिक हसला. तो गोळा चेनला घासत होता.

लोखंडी_काका
कव्हरचं अगदी बरोबर रश्मीताई. फक्त पावसात ऑइल की वॅक्स यावर माझं मत वेगळं. घाटात मुसळधार पावसात पातळ ऑइल एका दिवसात धुऊन आणि उडून जातं, म्हणजे रोज संध्याकाळी लावणारा माणूस हवा. जो आठवड्यातून एकदाच हात लावणार आहे त्याला चिकट स्प्रे परवडतो. माणूस बघून सांगावं लागतं.

रस्त्यात_रश्मी
काका, आठवड्यातून एकदा हात लावणाऱ्याची चेन पावसाळ्यात कशानेच वाचत नाही. मी रोज लावते, तीन मिनिटं लागतात.

मँचेस्टरकर
इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे आमच्याकडचे बरेच जण स्कॉटऑइलर लावतात, चालत्या गाडीत चेनवर थेंब थेंब ऑइल पडत राहतं. मीठ धुऊन निघतं हा मुख्य फायदा. तोटा म्हणजे मागची रिम कायम तेलकट. वॅक्सवाल्या मित्रांच्या चेनला फेब्रुवारीत पट्ट्यांवर गंज मी बघितलाय. कोकणात समुद्राच्या जवळ राहणाऱ्यांना हे लागू होईल असं वाटतं, चिपळूण तसं आत आहे.

घाटवळण
काका बघितलं. चार ठिकाणी कडी वाकलेली राहते, स्प्रॉकेटवरून उतरताना सरळ होत नाही, बोटाने दाबली तर होते. त्यातल्या तीन ठिकाणी तांबडी पूड आहे, पुसली तरी दुसऱ्या दिवशी परत. आणि रिंगा बघितल्या तर सहा-सात पट्ट्यांच्या मधे नाहीचेत, एका ठिकाणी अर्धी लोंबकळतेय. वॅक्स मारून ही पूड थांबेल का?

बुलेटराजे
डब्ल्यूडी-४० मार, मोकळी होईल.

रस्त्यात_रश्मी
डब्ल्यूडी-४० ने रिंगा खराब होतात म्हणतात ना?

लोखंडी_काका
त्यावर दोन्ही बाजूंचे लोक भांडत असतात. मी पुसायला वापरलंय आणि रिंगांना काही झालेलं दिसलं नाही, पण ते वंगण म्हणून लावून निघणं म्हणजे काहीच न लावण्यासारखं, फार पातळ. आणि घाटवळणच्या कड्या मोकळ्या झाल्या तरी आतलं ग्रीस परत येणार नाही. ती तांबडी पूड म्हणजे पिन आणि बुश कोरडे घासून निघालेलं लोखंड, गंजून बाहेर येतंय. वॅक्स बाहेर बसेल, पूड आतून येत राहील.

आता मापून बघ म्हणजे अंदाजावर राहायला नको. ५२० मधला ५ म्हणजे एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत पाच-अष्टमांश इंच, १५.८७५ मिमी. वीस कड्यांचं माप नवीन असताना ३१७.५ मिमी. खालची चेन हाताने ताणून धर, एका पिनच्या मध्यापासून एकवीसाव्या पिनच्या मध्यापर्यंत स्टीलच्या पट्टीने मोज, कापडी टेप नको. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी मोज, एकाच ठिकाणी नाही.

घाटवळण
मोजलं. एका ठिकाणी ३१८.५, दुसऱ्या ठिकाणी ३१९, आणि जिथे रिंगा नाहीत त्या भागात ३२१.५. स्टीलची पट्टी लहान पडली म्हणून वर्कशॉपमधून ५०० ची आणली. लोट्याला एवढा तरी फायदा 😄

लोखंडी_काका
हे घे तुझं उत्तर. ३१८.५ म्हणजे साधारण ०.३ टक्के, १४ हजाराला उत्तम चेन. ३२१.५ म्हणजे ४ मिमी जास्त, सव्वा टक्का. मी एक टक्क्याच्या पुढे ओ-रिंग चेन ठेवत नाही. म्हणजे तुझी बहुतेक चेन चांगली आहे आणि एक तुकडा मेलाय, नेमका जिथे रिंगा गेल्या तिथे. सगळी चेन रोज त्याच घाटात त्याच मातीत फिरली, तरी फरक एवढा.
झोल टिकत का नाही तेही यातच आहे. जो भाग लांबलाय तो खाली आला की चेन ढिली दिसते, तू तिथे टाईट करतोस, चाक अर्धं फिरलं की चांगला भाग खाली येतो आणि चेन तारेसारखी ताणली जाते. तिथे बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर ताण येतो. कधीही झोल मोजायचा तो चाक फिरवून जिथे चेन सगळ्यात टाईट आहे तिथे. किती हवा ते स्विंगआर्मच्या स्टिकरवर असतं, नसेल तर गाडीच्या पुस्तकात.

घाटवळण
म्हणजे बदलायचीच? फक्त खराब कड्या बदलता येत नाहीत का?

लोखंडी_काका
नाही, आणि स्प्रॉकेटसकट बदल. लांबलेल्या चेनने दात आकड्यासारखे झालेले असतात, त्यावर नवीन चेन चढवली की तीही लवकर जाते. बसवताना दोन गोष्टी स्वतः उभं राहून बघ. जोडकडीबरोबर चार छोट्या रिंगा आणि ग्रीसची पुडी येते, दोन्ही बसलं पाहिजे, घाईत एखादी रिंग जमिनीवरच राहते. आणि रिव्हेटची जोडकडी दाबून बसवायला टूल लागतं, हातोडीने ठोकून बसवतो म्हणाला तर दुसरीकडे जा. जास्त दाबली तरी ती कडी आखडते. क्लिपची असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला जाते तिकडे.

अनुप_सावंतवाडी
वाचतोय. माझा प्रश्न, रॉकेल आता रेशनवर मिळतच नाही. डिझेल चालतं का? आणि सर्व्हिस सेंटरला प्रेशर वॉशर मारतात चेनवर, ते?

लोखंडी_काका
रंगाच्या दुकानात पांढरं रॉकेल मिळतं, विचारून बघा. डिझेल बरेच जण वापरतात, मीही अडचणीला वापरलंय, पेट्रोलपेक्षा शंभर पट बरं. ते लवकर उडत नाही, म्हणून कोरड्या फडक्याने नीट पुसावं लागतं, नाहीतर वर लावलेलं ऑइल त्याच्यात मिसळून गळतं. कुठल्याही द्रावणात चेन भिजत ठेवायची नाही. फडकं किंवा मऊ नायलॉनचा ब्रश भिजवून घासा, लगेच पुसा, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या.
प्रेशर वॉशरची धार जवळून रिंगवर मारली की पाणी आत जातं. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. सर्व्हिस सेंटरला आधीच सांगा, चेन आम्ही बघू.

रस्त्यात_रश्मी
डिझेलला मात्र वास राहतो. घरात गाडी लावत असाल तर बायकोची, नाहीतर माझ्यासारखीला आईची बोलणी खायची तयारी ठेवा.
लावायची पद्धत माझी: रात्री, गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना. खालच्या चेनच्या आतल्या बाजूने, कारण फिरताना वंगण बाहेर फेकलं जातं, आतून लावलं तर कडीतून बाहेर जाताना काम करतं. ऑइल असेल तर जुन्या इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक रोलरवर एक थेंब आणि दोन्ही बाजूच्या रिंगांच्या रेषेवर. मागे पुठ्ठा धरायचा, टायरला एक थेंबही नको. अर्ध्या तासाने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. बाहेर दिसणारं ऑइल फक्त माती गोळा करतं.

ठाणे_डिलिव्हरी
एक्स-रिंग म्हणून पण असतं ना, ते घेतलं तर यातलं काही करावं लागत नाही का?

लोखंडी_काका
करावं लागतं, सगळं हेच. रिंगचा आकार चौकोनी फुलीसारखा, पट्टीला कमी जागी टेकते म्हणून घर्षण थोडं कमी आणि सील जास्त दिवस टिकतं. पेट्रोलने तीही जाते.

घाटवळण
ओ-रिंगचाच किट मागवला, चिपळुणात नव्हता, रत्नागिरीहून येतोय. रॉकेल मिळालं. नवीन चेनला ऑइल लावणार, रश्मीताईंसारखं, आता पाऊस तोंडावर आहे.

लोखंडी_काका
लाव. पण रोज संध्याकाळी लावशील का ते आधी स्वतःला विचार.

रस्त्यात_रश्मी
लावेल हो काका. आणि ऑक्टोबरमधे इथेच माप टाक, त्याच पट्टीने मोजलेलं, मग काकांना दाखवू.

बुलेटराजे
तो जुना चेन सेट टाकून देऊ नकोस रे, मला पाठव. चांगला तुकडा कापून गेटला लावीन.